गोष्ट तपासून हवी: आजीला रात्री बरोबर बारा वाजता पोचणारा मेसेज

खापरमांडे

मंडळी, १२०० शब्दांत बसेल अशी एक लघुकथा लिहितेय. आजी अमळनेरची. काकाकडे अमेरिकेत गेलीय, न्यू जर्सीत एडिसनला, सहा महिन्यांसाठी. नात अमळनेरातच. आजीचा वाढदिवस ३ नोव्हेंबर २०२५. नातीनं धनत्रयोदशीलाच मेसेज लिहून वेळ लावून ठेवलाय, तो तिकडे रात्री बाराच्या ठोक्याला पोचतो. गोष्टीचा सगळा भार शेवटच्या परिच्छेदावर आहे, तो देते:

> अमळनेरात सगळं निजलं होतं. नात अंथरुणात जागीच होती. बाराला दोन मिनिटं कमी. फोन छातीशी धरून ती वाट बघत होती. बारा वाजले. तिकडे काकाच्या घरी, अंधाऱ्या खोलीत, आजीच्या उशाजवळचा फोन उजळला. "प्रिय आजी, तुला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." दोघींनी एकाच क्षणी डोळे मिटले.

वेळेचं गणित आणि मेसेजची बाजू कुणी तपासून देईल का? भाषेबद्दलही सांगा.

रात्रपाळी

ताई, पहिली गोष्ट म्हणजे दोन्हीकडे अंधार असू शकत नाही. एडिसनला ३ तारखेचे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा अमळनेरात सोमवारची सकाळ असते, साडेदहाची. नात अंथरुणात असेल तर ती आजारी तरी आहे किंवा घरचे तिला ओरडतायत तरी. त्यामुळे "सगळं निजलं होतं" आणि "एकाच क्षणी डोळे मिटले" ही दोन्ही वाक्यं गेली.

दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. तुम्ही जी तारीख निवडलीय ती फार अवघड जागी बसलीय. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता ते मागे घेऊन एक करतात. २०२५ साली तो रविवार २ नोव्हेंबरलाच आला. म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आपल्याकडे घड्याळ हलत नाही, म्हणून फरक बदलतो. १ नोव्हेंबरपर्यंत न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, २ तारखेच्या पहाटेपासून साडेदहा तास मागे.

आता नातीनं धनत्रयोदशीला, म्हणजे १८ ऑक्टोबरला काय केलं असेल बघा. फोनमधल्या जागतिक घड्याळात न्यूयॉर्क लावलं, फरक दिसला साडेनऊ तास. तिकडचे बारा म्हणजे इकडचे सकाळचे साडेनऊ, असं धरून तिनं ३ नोव्हेंबर, सकाळी ९:३० अशी वेळ लावली. ते घड्याळ त्या दिवशीचा फरक दाखवतं, सोळा दिवसांनंतरचा नाही. ३ तारखेला इथे साडेनऊ झाले तेव्हा एडिसनला वाजले होते रात्रीचे अकरा, आणि तारीख होती २. मेसेज एक तास आधी गेला. वाढदिवस अजून लागलेलाच नाही.

केळीबागायत

चांगला विषय काढला. मुलगी मेलबर्नला आहे, तिचा वाढदिवस १४ डिसेंबर. तिला तिकडच्या बाराला मेसेज जायला हवा तर इकडे किती वाजता लावायचा? साडेपाच तास मिळवायचे की वजा करायचे यात दरवेळी गोंधळ होतो. आणि कोणतं अ‍ॅप चांगलं?

भुसावळ_जंक्शन

वेळेचं राहू द्या, मोठी अडचण वेगळीच आहे. वेळ लावलेला मेसेज आपल्या फोनमध्येच पडून असतो. त्या वेळेला फोन चालू नसला, रेंज नसली तर तो जात नाही. अमळनेरात लाइट गेली, फोन डिस्चार्ज झाला की संपलं. गोष्टीत तेच घ्या ना. नात धावत शेजारी जाते चार्जिंगला. खान्देशातल्या वाचकाला लोडशेडिंग समजावून सांगावं लागत नाही.

रात्रपाळी

@भुसावळ_जंक्शन, भाऊ, तुम्ही म्हणता ते काही अ‍ॅपना लागू आहे, सगळ्यांना नाही. अँड्रॉइडवर गूगलच्या मेसेजेस अ‍ॅपमधून वेळ लावलेला साधा एसएमएस खरोखर फोनमध्येच थांबतो. फोन बंद असला तर नंतर, चालू झाल्यावर जातो. टेलिग्रामचं तसं नाही. तिथे वेळ लावली की मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसतो. नातीचा फोन तापीत पडला तरी ठरल्या वेळेला तो निघणार. आयफोनचं 'सेंड लेटर'ही सर्व्हरवरूनच चालतं, पण तिथे १४ दिवसांच्या पुढची वेळ लावता येत नाही. धनत्रयोदशीपासून वाढदिवसापर्यंत सोळा दिवस होतात, म्हणजे नातीच्या हातात आयफोन द्यायचा तर तारीख सरकवावी लागेल.

सर्व्हरवाला प्रकार गोष्टीला जास्त सोयीचा आहे असं मला वाटतं. एकदा वेळ लावली की नातीच्या हातात काही उरत नाही. चार्जिंगसाठी धावाधाव आली की गोष्ट नातीची होते, आजी बाजूला पडते.

@केळीबागायत, हा धागा गोष्टीचा आहे, पण थोडक्यात सांगतो. मेलबर्न आपल्या पुढे आहे, म्हणून वजा करायचं. त्यांचा उन्हाळा डिसेंबरात, त्यामुळे तेव्हा त्यांचं घड्याळ तासभर पुढे असतं आणि फरक साडेपाच तासांचा. १४ तारखेचे तिकडचे बारा म्हणजे इथले १३ तारखेच्या संध्याकाळचे साडेसहा. टेलिग्रामवर मेसेज लिहून पाठवायचं बटण दाबून धरा, वेळ लावायचा पर्याय येतो, तिथे १३ डिसेंबर, ६:३० घाला. वेळ नेहमी आपल्या फोनच्या घड्याळाप्रमाणे घालायची.

केळीबागायत

धन्यवाद. म्हणजे आदल्या दिवशी लावायचा. मी १४ लाच लावणार होतो.

मेहरूण

गोष्ट वाचली. मला वेळेपेक्षा तारीख खटकली. ही आजी साधारण सत्तर-पंचाहत्तरची धरली तर तिच्या पासपोर्टवर ३ नोव्हेंबर कसा? त्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून असतो. मास्तरांनी नाव घालताना टाकून दिलेली तारीख. तोच १ जून पुढे आधारवर, पासपोर्टवर, व्हिसावर. काकानं अमेरिकेत केक आणला तर तो १ जूनला आणेल.

आणि १ जूनला तुमची अडचणच उरत नाही. तेव्हा फरक साडेनऊ तासच असतो, महिना आधी लावला तरी साडेनऊच. मेसेज बरोबर बाराला जाईल आणि गोष्टीत काही घडणार नाही.

खापरमांडे

@मेहरूण, ते डोक्यात होतं. कागदावरचा वाढदिवस १ जूनच आहे. ३ नोव्हेंबर आलाय आजीच्या बोलण्यातून: "तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी झाले मी." कार्तिक शुद्ध द्वादशी २०२५ साली २ नोव्हेंबरला होती, म्हणून नातीनं कॅलेंडर बघून ३ काढला. काकाला हे ठाऊक नाही, फक्त नातीला ठाऊक आहे. म्हणून त्या रात्री तिकडे कुणीच जागं नाही, केक नाही, काही नाही.

@रात्रपाळी, वर दिलेला शेवटचा परिच्छेद काढून टाकला. आता अकराचं काय करू? नातीला बरोबर गणित करायला लावू का? की साल बदलू?

रात्रपाळी

साल बदललंत तर हा योग हातचा जाईल. २०२४ ला अमेरिकेतलं घड्याळ ३ नोव्हेंबरला मागे गेलं आणि तुळशीचं लग्न १३ ला होतं. मधे दहा दिवस गेले की सगळ्यांचं अंगवळणी पडलेलं असतं. २०२५ ला दोन्ही एकाच रविवारी आले. अशी तारीख लेखकानं सोडू नये.

बरोबर गणित करायचं असेल तर ती काय करेल तेही सांगतो. फोनच्या कॅलेंडरमध्ये नवी नोंद करायची, तारीख ३ नोव्हेंबर, वेळ रात्री १२, आणि त्या नोंदीचा टाइम झोन न्यूयॉर्क करायचा. जतन केली की आपल्या कॅलेंडरात ती सकाळी १०:३० ला दिसते. कॅलेंडर त्या तारखेचा नियम बघतं, जागतिक घड्याळ आजचा. पण नात हे करत नाही यातच गोष्ट आहे असं मला वाटतं. चूक राहू द्या, ती कुठे जाऊन पडते ते बघा.

काकाच्या स्वयंपाकघरात जा. फोन, लॅपटॉप, टीव्हीचा डबा, ही सगळी घड्याळं पहाटे आपोआप मागे गेली. पण गॅसच्या शेगडीवर किंवा ओव्हनवर जे हिरवे आकडे असतात ते आपोआप बदलत नाहीत, बटणं दाबून बदलावे लागतात. मायक्रोवेव्हचंही तेच. बऱ्याच घरांत ते दोन-चार दिवस तसेच राहतात, कारण बटणांचा क्रम कुणाला आठवत नाही. म्हणजे इथे सकाळचे साडेनऊ होतात त्या क्षणी काकाच्या फोनवर ११:०० आणि ओव्हनवर १२:०० असतं. आजी पाणी प्यायला उठलीय आणि ओव्हनपाशी उभी आहे. तिच्या दृष्टीनं मेसेज बाराच्या ठोक्याला आला.

मेहरूण

हे आवडलं, पण जरा जास्तच जुळून आल्यासारखं वाटतं. आजी नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरात कशी? लेखकानं हाताला धरून नेल्यासारखं.

रात्रपाळी

त्याला कारण देता येतं. घड्याळ मागे गेलं तरी शरीर जुन्याच वेळेवर असतं. आजी एरवी बाराला एकदा उठत असेल, गुडघे दुखतात म्हणून किंवा नुसतीच, तर त्या रात्री नव्या अकरालाच तिला जाग येईल. मेसेज आणि आजी दोघंही जुन्या घड्याळावर चालतायत, म्हणून भेटतात. हा योगायोग नाही, दोघांचं कारण एकच. फक्त आधी कुठेतरी ती रोज बाराला उठते हे सहज येऊन गेलं पाहिजे. आणि संध्याकाळचंही एक वाक्य टाका. त्या रविवारी तिकडे पाचच्या आत सूर्य मावळला, आदल्या दिवशी मावळला होता सहाच्या जरा आधी. "आज दिवस लवकर बुडाला" असं आजी म्हणेल, सून "हो आई" म्हणून सोडून देईल. वाचकाला तेवढं पुरे.

पांझरा

धुळ्याहून. तुमच्या चर्चेत आजीच्या फोनचा विचारच नाही. तीन प्रश्न.

मेसेज आला तरी तिला कळणार कसा? वेळ लावतो ती पाठवण्याची, पोचण्याची नाही. आजीचा फोन घरातल्या वायफायवर चालतो. काकानं रात्री राउटर बंद करायची सवय लावून घेतली असेल तर मेसेज सकाळी राउटर चालू झाल्यावर उतरेल. रात्री आवाज बंद ठेवायची सोय चालू असेल तर येऊनही वाजणार नाही. त्यामुळे वायफाय चालू आणि आवाज चालू, हे दोन्ही गोष्टीत असायला हवं, नाहीतर फोन तिच्या हातातच असायला हवा.

दुसरं म्हणजे आजीच्या फोनमध्ये सिम कुठलं? भारतातलंच सिम, रोमिंग बंद, असं असेल तर फोनला तिथल्या नेटवर्ककडून वेळ मिळत नाही आणि कित्येकदा तो भारताच्या वेळेवरच राहतो. काहीजण मुद्दाम तसा ठेवतात, गावाकडे फोन कधी करायचा ते कळावं म्हणून. मेसेजच्या खाली जी वेळ दिसते ती घेणाऱ्याच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे दिसते. मग आजीला मेसेजखाली दिसेल ९:३०, सकाळचे.

तिसरं: "प्रिय आजी, तुला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" असं अमळनेरची नात कधी लिहील का? हे पतसंस्थेच्या बॅनरवरचं वाक्य झालं. तिच्या तोंडी अहिराणी येऊ द्या. "काय करी ऱ्हायनी माय? आज तुना वाढदिवस शे."

भुसावळ_जंक्शन

आमच्याकडे भुसावळला सगळ्यांच्या तोंडी अहिराणी नसते, लेवा पाटीदारांची बोली वेगळी. पण अमळनेर म्हटल्यावर पांझरांचं बरोबर. फक्त सगळी गोष्ट अहिराणीत नको, बाहेरच्यांना अडेल.

मेहरूण

मेसेज तेवढा अहिराणीत, बाकी निवेदन साधं मराठी. आणि मेसेज लहान हवा. चौथी शिकलेली बाई रात्री चष्म्याशिवाय किती वाचणार? एक ओळ.

पण पांझरांचं दुसरं खरं मानलं तर घड्याळं तीन होतात. काकाचं ११, ओव्हनचं १२, आजीच्या फोनचं ९:३०. एवढ्या छोट्या गोष्टीत तीन नकोत. वाचक बोटं मोजत बसेल.

रात्रपाळी

तीनपैकी काकाचं घड्याळ काढा. अकरा वाजलेत हे आजीला कळायचं कारण नाही, आणि त्या क्षणी वाचकालाही नाही. ओव्हनवर बारा, मेसेजखाली सकाळचे साडेनऊ. तिच्या हातात अमळनेरची सकाळ आहे आणि समोर एडिसनची रात्र. अकरा नंतर येऊ देत, दुसऱ्या दिवशी काकाच्या तोंडून, ओव्हनचं घड्याळ तो मागे करताना. किंवा येऊच नका देऊ.

पांझरा

येऊच नका देऊ याला माझा विरोध. ज्याला फरक माहीत आहे तो वाचक म्हणेल, लेखिकेला साडेदहा तास माहीतच नाहीत. कुठेतरी खूण हवी.

खापरमांडे

नवा शेवट. मेसेज टेलिग्रामवरून, आजीच्या फोनवर भारताचीच वेळ, राउटर चालू. दिवस लवकर बुडाल्याचं वाक्य आणि रोज बाराला उठणं दोन्ही आधी घेतलंय.

> गुडघ्यांनी नेहमीच्या वेळेला उठवलं. शेगडीच्या हिरव्या आकड्यांवर १२:०० होते. तिनं नळाचं पाणी पेल्यात घेतलं, आणि खिशातला फोन एकदा थरथरला. चष्मा वर खोलीत होता. फोन लांब धरून, हात पुरेना तशी मान मागे घेऊन तिनं वाचलं. "माय, तुळशीनं लगीन व्हयनं ना काल? मंग आज तुना वाढदिवस शे." खाली बारीक अक्षरात सकाळचे साडेनऊ. घरी आता कापूस वेचायला बाया निघाल्या असतील, नाही, निघून तासदोन तास झाले असतील.
>
> अमळनेरात नातीच्या फोनवर 'मेसेज पाठवला गेला' असं आलं, तेव्हा ती वर्गात होती. तिनं बाकाखाली बघितलं. दोन टिक, मग लगेच वाचल्याची खूण. बारा वाजता आजी जागी कशी, असं तिला वाटलं.
>
> सकाळी काका शेगडीची बटणं दाबत होता. "कालपासून तासभर पुढेच आहे हे." आजीनं विचारलं, "मंग मी कधी उठनू?"

शेवटचा प्रश्न ठेवू की काढू?

मेहरूण

ठेवा. पण "उठनू" नको, बाई बोलतेय.

पांझरा

"उठनू" आमच्याकडे बायाही म्हणतात. गावागणिक बदलतं. अमळनेरच्या एखाद्या म्हातारीला विचारून घ्या, इथे ठरणार नाही. "तुळशीनं लगीन" बरोबर आहे.

टेलिग्रामवर एका टिकचा अर्थ सर्व्हरला मिळाला, दोन टिकचा अर्थ समोरच्यानं उघडला. "दोन टिक, मग वाचल्याची खूण" हे दुसऱ्या अ‍ॅपचं आहे, तिथे दोन टिक म्हणजे पोचला आणि निळ्या झाल्या की वाचला. टेलिग्राम ठेवणार असाल तर "एक टिक, मग लगेच दुसरी" असं करा.

खापरमांडे

केलं. "एक टिक. पेनाचं टोपण लावेपर्यंत दुसरी."

भुसावळ_जंक्शन

मला अजून एक शंका. लाइट जाऊन आली की ओव्हनवर १२:०० असं लुकलुकत राहतं ना? तिकडचे ओव्हन, मायक्रोवेव्ह, बरेच तसेच असतात. आजीला दिसलेले १२:०० हे लाइट गेल्याचे असू शकतात. चतुर वाचक तसंच समजेल, आणि काका सकाळी बटणं दाबतोय तेही त्यात बसतं.

रात्रपाळी

भाऊ, ही शंका नेमकी आहे. लाइट गेल्यावरचे आकडे उघडझाप करतात, चालू घड्याळाचे आकडे स्थिर असतात. १२:०० असं लिहिलं तर दोन्ही अर्थ निघतात. मेसेज आला तेव्हा १२:०० होतेच, पण आजी त्याच्या मिनिटभर आधी स्वयंपाकघरात आलीय. तेव्हा ११:५९ दिसू द्या आणि पेला भरेपर्यंत ते १२:०० होऊ द्या. आकडा बदलताना दिसला की घड्याळ चालू आहे हे कळतं, वेगळं सांगायला नको.

खापरमांडे

११:५९ केलं. "उठनू"चं विचारून कळवते.

केळीबागायत

एप्रिलमध्ये जावयाचा वाढदिवस आहे, २० तारखेला, तोही मेलबर्नलाच. तेव्हाही साडेसहालाच लावायचा ना?

रात्रपाळी

नाही. तिकडे एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे जातं, मग फरक साडेचार तासांचा होतो. १९ एप्रिल, संध्याकाळी साडेसात.